फोटोतला भागाकार आणि उभा गुणाकार : चूक नेमकी कुठल्या ओळीत सुरू झाली?

एका मुलाने वहीतल्या गणिताचा फोटो तपासायला पाठवला आहे. त्यात ५८,९४७ ला २३ ने भागून त्याने २५६७ भागाकार आणि ६ बाकी काढली आहे. खरं उत्तर २५६२, बाकी २१. फोटो बघणारा बहुतेक वेळा शेवटच्या अंकावर, म्हणजे ७ वर, फुली मारतो आणि ‘इथे २ पाहिजे’ असं लिहून मोकळा होतो. पण त्या मुलाची शेवटची पायरी तपासली तर तिच्यात काहीच चूक नाही. त्याच्यासमोर १६७ होते, २३ साते १६१ वजा केले, ६ उरले. ज्या पायरीवर फुली पडली ती बरोबर आहे आणि जिथे खरी चूक आहे ती ओळ वर तशीच राहिली आहे. मूल उद्या तीच चूक दुसऱ्या गणितात करणार.

म्हणून प्रत्येक ओळीला दोन वेगळे प्रश्न विचारायचे. ही ओळ खऱ्या गणितात असायला हवी तशी आहे का, हा एक. आणि मुलाने स्वतः वर जे लिहिलं आहे त्यावरून ही ओळ बरोबर निघते का, हा दुसरा. चूक जिथे सुरू झाली तिथे दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्यांदा ‘नाही’ येतं. त्याच्या खालच्या सगळ्या ओळी पहिल्या प्रश्नाला ‘नाही’ म्हणतील, पण दुसऱ्याला बहुधा ‘हो’च म्हणतील. पुढे जे काही करायचं आहे ते ही पहिली ओळ लवकर आणि खात्रीने सापडावी यासाठी.

## आधी अंक वाचायचे, गणित नंतर

वहीच्या फोटोत निम्मा गोंधळ अंक वाचण्याचा असतो, आणि गोव्यात त्याला एक खास कारण आहे. डिचोली, सत्तरी, पेडणे, फोंडा या भागांतली पुष्कळ मुलं चौथीपर्यंत मराठी शाळेत देवनागरी अंक गिरवतात आणि पाचवीला इंग्रजी माध्यमात जातात. पहिले काही महिने एकाच पानावर दोन्ही अंक येतात. घाईत काढलेला देवनागरी १ हा इंग्रजी नऊसारखा दिसतो, देवनागरी ४ सरळ इंग्रजी आठ म्हणून खपतो, आणि देवनागरी ५ हाताने लिहिलेल्या इंग्रजी चारच्या फार जवळ जातो. नुसत्या देवनागरीतही २ आणि ३ मधला फरक एका वळणाचा, आणि १ व ९ घाईत एकमेकांत मिसळतात.

त्यामुळे फोटोवर थेट खुणा करू नका. आधी गणित एका कागदावर, शक्यतो चौकटीच्या वहीत, एका चौकटीत एक अंक असं उतरवून घ्या. फोन तिरका धरून काढलेल्या फोटोत उभे रकाने कलतात आणि दशकाखालचा अंक शतकाखाली आहे असं वाटू लागतं. चौकटीत उतरवताना हे कळून येतं, कारण वहीच्या छापील रेघाही तेवढ्याच कललेल्या दिसतात. अंक सरकलेत असं ठरवण्याआधी त्या रेघांशी ताडून बघा. जो अंक नक्की वाचता येत नाही तिथे प्रश्नचिन्ह घाला. अंदाजाने अंक भरला की पुढचं सगळं शोधकाम त्या अंदाजावर उभं राहतं.

संशयाच्या अंकाचा निकाल लावायला दोन साक्षीदार असतात. त्याच हाताने त्याच पानावर लिहिलेला तसाच दुसरा, स्पष्ट अंक हा पहिला. मुलाने पुढच्या ओळीत तो अंक काय म्हणून वापरला, हा दुसरा. दुसरा साक्षीदार जपून वापरावा लागतो, कारण पुढची ओळच चुकलेली असू शकते. ‘उत्तर बरोबर येतं म्हणून हा ३ च असणार’ हा तिसरा मार्ग मात्र पूर्ण बंद ठेवा. आपण चूक शोधायला बसलो आहोत आणि तो मार्ग चूक झाकतो.

फोटो मागवतानाच थोडी काळजी घेतली तर हे काम हलकं होतं. वही जमिनीवर किंवा टेबलावर सपाट, फोन बरोबर वर, प्रकाश खिडकीतून बाजूने. पावसाळ्यात काळोखून आलं की लोक फोनचा फ्लॅश लावतात आणि पेन्सिलीच्या रेघा चकाकून नाहीशा होतात, त्यापेक्षा दिवा बाजूला ठेवलेला बरा. चारही कोपरे आणि समासातलं कच्चं काम फोटोत आलं पाहिजे, कारण हातचे तिथेच असतात. व्हॉट्सॲपवरून साधा फोटो पाठवला की तो दाबला जातो आणि बारीक हातचे पुसट होतात. तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर मूळ आकारात पोचतो. शेवटचं म्हणजे, ‘खोडू नकोस’ हे आधीच सांगून ठेवा. खोडून पुन्हा लिहिलेली ओळ काहीच सांगत नाही.

आणि पुस्तकातल्या किंवा फळ्यावरच्या मूळ गणिताचाही फोटो मागा. ५८,९४७ च्या जागी ५८,९७४ उतरवलं असेल तर सगळ्या पायऱ्या एकमेकींशी जुळतील आणि तरी उत्तर चुकेल. ही चूक पहिल्या पायरीच्याही आधीची आहे, आणि तिच्यामागे डोकं फोडत बसण्याआधी अर्ध्या मिनिटात ती बाजूला काढता येते.

## उभा गुणाकार : ओळी सुट्या करून बघा

हे गणित घ्या. मुलाच्या वहीत असं आहे :

```
     ४७८
   ×  ३६
  ------
    २८६८
+  १४५४०
  ------
   १७४०८
```

दोन अंकी गुणकाच्या गुणाकारात तीन स्वतंत्र कामं असतात : सहाने गुणलेली ओळ, तिसाने गुणलेली ओळ, आणि दोन्हींची बेरीज. चूक यांतल्या कुठल्या कामात आहे ते आधी ठरवायचं आणि मगच अंकाअंकात शिरायचं. उजवीकडून पहिल्या अंकापासून सगळं पुन्हा करत बसलं तर वेळ जातोच, शिवाय तपासणाऱ्याचीही चूक होऊ शकते.

कामं वेगळी करायला नवाचा ताळा पुरतो. संख्येतले अंक मिळवायचे, एक अंक उरेपर्यंत मिळवत राहायचं, नऊ आला तर शून्य धरायचा. ४७८ चे ४ + ७ + ८ = १९, त्याचे १०, त्याचा १. आता सहाची ओळ : १ × ६ = ६ यायला हवेत. मुलाच्या २८६८ चे अंक मिळवले तर २४, म्हणजे ६. जुळलं. तिसाची ओळ : शेवटचं शून्य सोडून १४५४ बघू. १ × ३ = ३ यायला हवेत, पण १ + ४ + ५ + ४ = १४, म्हणजे ५. नाही जुळलं. राहिली बेरीज : दोन ओळींचे ६ आणि ५ मिळून ११, म्हणजे २, आणि १७४०८ चे २०, म्हणजे २. बेरीज बरोबर आहे. चूक दुसऱ्या ओळीत आहे हे ओळ पुन्हा न गुणताच कळलं.

आता त्या ओळीत शिरा. ८ त्रिक २४, चार लिहिले, हातचे २. मुलाचाही ४ आहे. ७ त्रिक २१ आणि हातचे २ मिळून २३, म्हणजे ३ लिहायला हवे, पण मुलाने ५ लिहिले आहेत. पाच कुठून आले? २१ मध्ये ४ मिळवले तर २५ होतात. आणि ४ हा पहिल्या ओळीचा हातचा आहे : ८ सक ४८, आठ लिहून ४ हातचे, ते ७ च्या डोक्यावर लिहिलेले आणि तसेच राहिलेले. नवा हातचा २ त्याच्याच शेजारी कोंबला गेला आणि मुलाने जुना उचलला. पुढे ४ त्रिक १२ आणि हातचे २ मिळून १४ हे बरोबर घेतलं आहे. तिथेही ४ च्या डोक्यावर पहिल्या ओळीचा जुना हातचा ४ होता, पण तो उचलला नाही.

म्हणजे या मुलाला गुणाकार येतो, हातचा म्हणजे काय तेही कळतं. एका रकान्यात जुना हातचा नव्याशी मिसळला, एवढंच झालं. उपायही तेवढाच छोटा : पहिली ओळ संपली की तिचे हातचे काटायचे आणि दुसऱ्या ओळीचे एक मजला वर लिहायचे. ‘पाढे पाठ कर’ असं सांगितलं असतं तर ते या चुकीला लागूच पडलं नसतं.

मुलाच्या आणि खऱ्या उत्तरातला फरकही तीच गोष्ट सांगतो. ४७८ × ३६ = १७,२०८. फरक २००. जुन्या आणि नव्या हातच्यात २ चा फरक, आणि ती जागा तिसाच्या ओळीतल्या दशकाची, म्हणजे एकूणात शतकाची. फरक असा एका अंकामागे शून्यं लावल्यासारखा आला, ३०, २००, १००० वगैरे, की बहुतेक वेळा एकाच रकान्यातला हातचा किंवा एकच पाढा चुकलेला असतो आणि शून्यांची संख्या तो रकाना दाखवते. फरकाला नवाने पूर्ण भाग जात असेल तर दोन शक्यता आधी बघा : लागोपाठच्या अंकांची अदलाबदल, किंवा ओळ एक घर न सरकवणं.

आणि नेमक्या याच दोन ठिकाणी नवाचा ताळा आंधळा आहे. दुसऱ्या ओळीत शून्य न लिहिता, घर न सरकवता मुलाने २८६८ + १४३४ = ४३०२ केलं असतं तर अंकांची बेरीज ९, म्हणजे शून्य; आणि ३६ मुळे खऱ्या उत्तराचंही शून्यच. ताळा जुळला, उत्तर साफ चुकीचं. म्हणून ताळ्याआधी अंदाज घ्यायचाच : ४७८ म्हणजे सुमारे ५००, ३६ म्हणजे चाळिसाच्या आत, उत्तर वीस हजारांच्या खाली पण त्याच्या आसपास. ४३०२ तिथेच गळतं.

अदलाबदलीसाठी अंदाज उपयोगी नाही, कारण १७,२८० आणि १७,२०८ दोन्ही वीस हजारांच्या जवळ आहेत. तिथे अकराचा ताळा लावा. उजवीकडून एक अंक मिळवा, पुढचा वजा करा, असं आलटून पालटून. ४७८ चे ८ − ७ + ४ = ५, ३६ चे ६ − ३ = ३, त्यांचा गुणाकार १५, त्यातून ११ काढून ४. १७,२०८ चे ८ − ० + २ − ७ + १ = ४, जुळतं. १७,२८० चे ० − ८ + २ − ७ + १ = −१२; त्यात ११ दोनदा मिळवले की १०. नाही जुळत. रोज वापरायला हा ताळा किचकट आहे, पण नवाचा जुळूनही उत्तर खटकत असेल तेव्हा तोच कामाला येतो.

## भागाकार : मधूनच कापून तपासा

आता सुरुवातीचं गणित. कागदावर उतरवल्यावर ते असं दिसतं. तिसऱ्या पायरीत एक अंक डागाखाली गेला आहे, म्हणून तिथे प्रश्नचिन्ह :

```
      २५६७
     -----
२३ ) ५८९४७
     ४६
     ---
     १२९
     ११५
     ---
      १४४
      १?८
      ---
       १६७
       १६१
       ---
         ६
```

आधी उलटा गुणाकार. २३ × २५६७ + ६ = ५९,०४७. भाज्य ५८,९४७. चूक आहे, आणि ती बरोबर १०० ची आहे. हा फरक बाजूला लिहून ठेवा, पुढे लागेल.

भागाकाराची एक सोय अशी की तो कुठल्याही पायरीवर थांबवून तपासता येतो. भाज्यातले जेवढे अंक वापरून झाले तेवढ्यांचीच संख्या घ्या. भाजक गुणिले तोपर्यंतचा भागाकार, अधिक तिथली बाकी, यांची बेरीज त्या संख्येएवढी आली पाहिजे. आली तर वरच्या सगळ्या पायऱ्या एका झटक्यात बिनचूक ठरल्या, त्या वाचायचीही गरज नाही.

मधोमध कापू या. दोन पायऱ्या झाल्यावर भाज्यातले ५८९ वापरले गेले, भागाकार २५, बाकी १४. २३ × २५ = ५७५, अधिक १४ म्हणजे ५८९. जुळलं. आता एक पायरी पुढे : वापरलेले अंक ५८९४, भागाकार २५६, बाकी १६. २३ × २५६ = ५८८८, अधिक १६ म्हणजे ५९०४. इथे १० जास्त आहेत. चूक तिसऱ्या पायरीत आहे. तिसरी पायरी दशकाची आहे, म्हणून दहाची चूक शेवटी शंभराची झाली. बाजूला लिहिलेल्या १०० शी हे जुळतं. या १०० मध्ये दुसरी कुठली चूक मिसळलेली नाही, हेही त्यातून कळतं. मोठ्या, सहा-सात पायऱ्यांच्या गणितातही असं अर्ध्यावर कापत गेलं की दोन-तीन तपासण्यांत नेमकी पायरी हाताशी येते.

आता पायरीच्या आत. एका पायरीत चार कामं असतात : भागाकाराचा अंक निवडणं, गुणणं, वजा करणं, पुढचा अंक खाली घेणं. १४४ मध्ये २३ सहा वेळा बसतात, सात वेळा १६१ होतात, म्हणजे ६ ची निवड बरोबर. खाली घेतलेला ७ बरोबर. उरले गुणाकार आणि वजाबाकी, आणि नेमका तिथेच डाग आहे.

आता नीट बघण्यासारखी गोष्ट. मुलाने १२८ लिहिले असतील तर चूक गुणाकारात आहे : ३ सक १८, आठ लिहिले, हातचा एक विसरला, २ सक १२, झाले १२८. मग १४४ − १२८ = १६ ही वजाबाकी बरोबर. मुलाने १३८ लिहिले असतील तर गुणाकार बरोबर आणि चूक वजाबाकीत : एककात चारातून आठ जात नाहीत म्हणून दशक सुटा करून १४ − ८ = ६, पण दशकातल्या चाराचे तीन केले नाहीत, ४ − ३ = १, झाले १६. दोन्ही वाटा १६ वरच पोचतात. उलटा गुणाकार, मध्ये कापून केलेली तपासणी, नवाचा ताळा, यांपैकी कुणीही या दोन वाटा वेगळ्या करू शकत नाही. मुलाला काय शिकवायचं ते मात्र या एका अंकावर अवलंबून आहे.

पहिला साक्षीदार पानावरच आहे. भाजक २३ मध्ये मुलाचा स्वतःचा २ आणि स्वतःचा ३ शेजारीशेजारी मिळाले. फोटो मोठा करून डागाखालच्या अंकाला किती वळणं दिसतात ते बघा. इथे खालचं दुसरं वळण डागाबाहेर डोकावतं, भाजकातल्या ३ सारखंच. म्हणजे ३.

डाग आणखी गडद असता तर? तरीही पान पुष्कळ सांगतं. हातच्याचा गुणाकार या गणितात आणखी दोनदा आला आहे : २३ × ५ = ११५ मध्ये हातचा १, आणि २३ × ७ = १६१ मध्ये हातचे २. दोन्ही ठिकाणी मुलाने ते बरोबर मिळवले. उलट दशक सुटा करायची वजाबाकी पूर्ण गणितात एकदाच लागते, ती इथेच. ५८ − ४६, १२९ − ११५, १६७ − १६१ या तिन्हींत वरचा अंक कुठेच कमी पडत नाही. जे कौशल्य दोनदा तपासलं गेलं आणि टिकलं त्यापेक्षा जे एकदाच तपासलं गेलं तिथे संशय जास्त. हा पुरावा नव्हे, कल आहे. पण वळणाच्या पुराव्याशी तो जुळतो. अर्थात मुलाला तेविसाचा पाढा तोंडपाठ असेल तर हातच्याचा प्रश्नच येत नाही आणि तो कल आणखी पक्का होतो.

१४४ मधला दशकाचा ४ काटून वर ३ केलेला नाही, हेही फोटोत दिसेल. पण त्यावर एकट्यावर विसंबू नका. घरी आजी-आजोबांकडून शिकलेली काही मुलं वरचा अंक न काटता खालच्या अंकात एक मिळवतात : चौदातून आठ गेले सहा, तीन आणि एक चार, चारातून चार गेले शून्य. ती रीत पूर्ण बरोबर आहे आणि तिच्यात काटलेला अंक कधीच दिसणार नाही. शाळेची एक रीत आणि घरची दुसरी अशा दोन्ही अर्ध्या वापरल्या की हाच ‘एक’ मधल्या मधे हरवतो, म्हणून मूल कुठल्या रीतीने वजा करतं ते विचारलेलं चांगलं.

खात्री करायची तर दोन-तीन छोटी गणितं पुरतात. २५२ − २३७ आणि ३६१ − ३४५ द्या. उत्तरं १५ आणि १६ आली तर ती एकदाची निसटलेली चूक होती. २५ आणि २६ आली तर मूल दरवेळी दशक कमी करायचा विसरतंय. गुणाकाराचा संशय उरला असेल तर ३४ × ६ द्या. हातचा विसरणारा २०४ ऐवजी १८४ लिहील.

## शून्य गिळलेलं असेल तर

भागाकारात वारंवार आढळणारी आणि ताळ्याला चकवणारी चूक ही. ७३,४५६ ÷ २४ मध्ये मुलाचं उत्तर ३६, बाकी १६. नवाचा ताळा लावला : ३६ चं शून्य, बाकी १६ चे ७, भाज्याच्या २५ चे ७. जुळतं! खरं उत्तर ३०६०, बाकी १६. बाकीसुद्धा तीच आहे.

इथे अंक मोजायचे. पहिला भाग ७३ ला लावला, त्यानंतर भाज्यात ४, ५, ६ हे तीन अंक राहिले. खाली घेतलेल्या प्रत्येक अंकामागे भागाकारात एक अंक पडलाच पाहिजे, भले तो शून्य असो. म्हणजे भागाकार १ + ३ = ४ अंकी. मुलाचा दोन अंकी आहे, दोन अंक गिळले गेले. भागाकार भाज्याच्या डोक्यावर लिहायची सवय असेल तर रिकामी घरं दिसतात. तो उजवीकडे कंसाबाहेर लिहायची सवय असेल, आणि पुष्कळ वह्यांत तसाच असतो, तर काहीच दिसत नाही आणि मोजण्यावाचून उपाय नाही.

सुरुवात कुठे झाली ते बाक्यांच्या ओळींत बघा. ७३ मधून ७२ गेले, १ उरला, त्याखाली मुलाने एकदम १४५ लिहिले आहेत. ४ घेतल्यावर १४ होतात, १४ मध्ये २४ बसत नाहीत, तिथे भागाकारात शून्य टाकून मग ५ घ्यायचा होता. चूक त्या क्षणाची आहे. शेवटी १६ उरले तेव्हाचं शून्य राहिलं ती वेगळी, दुसरी चूक, जरी जात तीच. पहिली दुरुस्त केल्यावर दुसरी आपोआप जात नाही, म्हणून दोन्ही खुणा हव्यात. मूल फक्त मधलं शून्य भरून ३०६ लिहील आणि त्याला वाटेल की संपलं.

## खूण कशी करायची

फोटोवर एकच गोल, चूक सुरू झाली त्या ओळीभोवती. त्याच्यावरच्या ओळींना बरोबरची खूण. खालच्या ओळींना फुली नको. त्या मुलाच्या आकड्यांवरून बरोबर निघत असतील तर तसं सांगा, कारण १६७ वरून ६ पर्यंतचं काम या मुलाने नीट केलं आहे. खालच्या ओळी मात्र मुलाच्याच आकड्यांनी एकदा पुढपर्यंत तपासून घ्या. गणितात दोन चुका असल्या की पहिली सापडल्यावर शोध थांबतो आणि दुसरी तशीच राहते. मागे लिहून ठेवलेल्या फरकाचा हिशेब पहिल्या चुकीने पूर्ण होत नसेल तर दुसरी आहेच.

संदेशात उत्तर लिहू नका, ओळ आणि रकाना लिहा. ‘पहिल्या दोन पायऱ्या बरोबर. तिसऱ्या पायरीत १४४ − १३८ पुन्हा कर. एककासाठी दशक सुटा केल्यावर दशकाच्या घरात किती राहिले ते बघ. तिथून खाली नव्याने लिही, वरचं खोडू नकोस.’ दुसरा फोटो येईल तेव्हा १६ च्या जागी ६, मग ६७, ४६ आणि शेवटी २१ असा क्रम दिसला पाहिजे. बाकी २१ आहे पण मधली ६७ ची ओळ नाही, असं असेल तर उत्तर कुठून तरी उतरवलेलं आहे, आणि मग १४४ − १३८ तोंडी विचारावं.

अंकच वाचता येत नसेल तर गोलही करू नका. फक्त त्या दोन ओळींचा जवळून, बाजूच्या उजेडात काढलेला फोटो मागवा, आणि तो येईपर्यंत ‘गुणाकार चुकला’ किंवा ‘वजाबाकी चुकली’ यातलं काहीच कळवू नका.